ठेला आडवा झाला

मेश्राम काकांसमोर मी माझ्या गोष्टीतला पहिला पाठलाग वाचून दाखवला तेव्हा ते डोळे मिटून बसले होते. समोर कोरा कागद, हातात पेन्सिल. मला वाटलं, म्हाताऱ्याला झोप लागली. मी वाचत गेले आणि पेन्सिल कागदावर सरकायला लागली. सरळ गेली, उजवीकडे वळली, पुन्हा उजवीकडे, मग थांबली. काकांनी डोळे उघडले आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"पाहून घे. तुझा हिरो भिंतीतून गेला."

खरंच गेला होता. मी त्याला दोनदा उजवीकडे वळवलं होतं आणि तरी तो पुढच्याच चौकात निघाला होता.

"आणि हा टमाट्याचा गाडा," ते म्हणाले, "हा आम्ही सारे लिहिणारे तीस वर्षांपासून पाडून राहिलो. त्या बिचाऱ्याचे टमाटे आता तरी विकू दे."

आमचं ऑफिस रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात होतं, तलावाच्या बाजूला, एका स्टेशनरीच्या दुकानावर. फोनवर ऐकायच्या हिंदी मालिका आम्ही तिथे तयार करायचो. रोज एक भाग, बारा-पंधरा मिनिटांचा. भांडी घासताना, गाडी चालवताना, उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळी संपवून परत येताना लोक ऐकायचे. इतरांनी लिहिलेलं तपासायचं माझं काम, आणि अधूनमधून मी लिहीतही होते. काका आमच्यातले सर्वांत वयस्कर लेखक. आयुष्यभर एका पोलाद कारखान्यात ड्राफ्ट्समन. यंत्रांचे, शेडचे नकाशे काढायचे. संध्याकाळी घरी येऊन रहस्यकथा लिहायचे. निवृत्तीनंतर नकाशे सुटले, कथा राहिल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्कूटर दुरुस्तीच्या एका दुकानामागे दोन खोल्यांत एकटेच राहायचे.

आम्ही दोघं घरी मराठी बोलणारे, आणि ऑफिसात बाकी सगळं हिंदी. त्यामुळे काका माझ्याशी मराठीत बोलायचे. तेही फक्त आम्ही दोघंच असू तेव्हा. तिसरा माणूस आला की लगेच हिंदी. चहा बशीत ओतून प्यायचे. कुणाच्याही लिखाणाला वाईट म्हणायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "माणूस कुठं आहे, हे मले समजून नाही राहिलं." आपल्या लेखनाचं कौतुक झालं तर त्यांचा चेहरा अवघडायचा. पाठलागाचे भाग त्यांचे ठरलेले होते. दुसऱ्या कुणी लिहिलेल्या मालिकेतही बाजारातून पळायचं असलं की तेवढा भाग काकांकडे जायचा. ऐकणारे लिहून कळवायचे की आम्हाला धाप लागली.

मी त्यांना विचारलं, हे तुम्ही करता कसं? ते म्हणाले, "उद्या संध्याकाळी चप्पल नको घालू. बूट घाल."

दुसऱ्या दिवशी ते मला जुन्या बाजारात घेऊन गेले. संध्याकाळी सहाची वेळ, गर्दी ऐन भरात. हा बाजार म्हणजे एक लांब सरळ ओळ. तलावाकडून शिरलं की आधी भाजीवाले, मग कापडाची दुकानं, मग भांडीवाले. भाजी आणि कापडाच्या मधून गोदामांची एक गल्ली मागच्या बाजूला जाते. भांड्यांची ओळ संपते तिथे दोन माणसं जेमतेम जातील असा बोळ, आणि बोळापलीकडे मोठा रस्ता.

"आधी चालू," काका म्हणाले. "धावायच्या आधी ऐकणाऱ्याले एकदा चालत नेऊन आणायचं. तुझ्या हिरोले पहिल्या भागात इथं लोटा घ्यायले पाठव. भाजी, कापड, भांडी, सारं आरामात सांग. म्हणजे तिसऱ्या भागात तो पळतो तेव्हा तुले काहीच समजावून सांगावं लागत नाही. 'कापड' म्हटलं की झालं. पळता पळता रस्ता सांगत बसली, तर पळणं मेलं."

त्यांनी मला डोळे मिटायला लावले. मी भाजीवाल्यांच्या मधोमध आंधळ्यासारखी उभी. "काय ऐकू येते?" आधी नुसता गलका. मग त्या गलक्याच्या पलीकडे, लांबवर, टक टक टक. तांब्याच्या भांड्यावर हातोडी.

"तो आवाज समोर आहे तोवर तू रस्त्याकडे चालली. तो मागं गेला, तर तू उलटी फिरली. ऐकणाऱ्याले डावं-उजवं लक्षात राहत नाही. आवाज राहतो."

त्यांनी मला पळून पाहायला सांगितलं. मी लाजत लाजत चार पावलं पळाले आणि एका बाईच्या पिशवीला अडकले. ते हसले नाहीत. म्हणाले, "पाहिलं ना? गर्दीत कोणी पळत नाही. शिरते. खांदा आधी, मग पोट. म्हणून 'तो वाऱ्यासारखा धावला' असं लिहायचं नाही. पळणाऱ्याले उपमा सुचत नाहीत. त्याले फक्त पुढची फट दिसते. ती फट लिही. मग तिच्यात तो शिरला का नाही ते लिही. मग त्याच्यामुळं काय झालं ते. एकातून दुसरं निघालं पाहिजे. मध्येच 'अचानक' आला, की समज लिहिणाऱ्याले रस्ता माहीत नव्हता."

अंतर कसं सांगायचं, ते मी विचारलं. फूट? मीटर?

"दुकानं. मागचा माणूस पाच दुकानं मागं. मग तीन. मग चार. आकडा हलत राहिला पाहिजे, आणि हलला तर काहून हलला हे दिसलं पाहिजे."  मग म्हणाले, "आणि एक गोष्ट ध्यानात ठेव. गर्दी ओरडणाऱ्याले वाट देते, पळणाऱ्याले देत नाही. चोर चोर म्हणणाऱ्यासाठी लोक बाजूला होतात. त्याच्या पुढं पळणाऱ्यासाठी तेच लोक भिंत होतात."

भांड्यांच्या ओळीत नगरपालिकेचा एक नळ आहे. तिथे पोचल्यावर काका थांबले.

"इथून पुढं सात दुकानं आणि मग बोळ. तू पाहून ये."

"तुम्ही नाही येत?"

"मी पाहिलेलं आहे."

मी जाऊन आले तेव्हा ते नळाकडे पाठ करून उभे होते.

त्यानंतर वर्षभर मी त्यांच्याकडून शिकत राहिले. माझ्या भागांवर त्यांची पेन्सिल चालायची. मागच्या माणसाला दाखवायचं नाही, पळणारा वळून पाहील तेव्हाच तो दिसला पाहिजे. भागाच्या मध्यावर पळणाऱ्याला एकदा दम घ्यायला थांबवायचं, कारण ऐकणाराही श्वास धरून बसलेला असतो. आणि कर्ता कधी लपवायचा नाही. "पाठलागात आपोआप काही होत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. 'दार बंद झालं' असं मी लिहिलं की ते 'झालं' खोडायचे आणि वर बारीक अक्षरात लिहायचे, 'कोणी केलं?'

एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. काकांच्या पाठलागात पळणारा कधीच सापडत नसे. चोर असो, खुनी असो, निरपराध असो, बोळातून तो बाहेर पडायचाच. पकडला गेला तर नंतर, दुसरीकडे, पोलिसांच्या हातून.

आमचे सौरभ भैया, म्हणजे मालिकेचे निर्माते, यांच्याही ते लक्षात आलं. एका मालिकेत लहान मुलींना फसवणारा एक नीच माणूस होता. लोकांचा त्याच्यावर फार राग. भैयांनी काकांना बोलावलं.

"काका, इस बार बाजार में पब्लिक पकड़ेगी उसको. पूरा एपिसोड. जम के पिटाई. लोग खुश हो जाएँगे."

"पकड़वा दूँगा," काका म्हणाले. "थाने में."

"नहीं नहीं, बाजार में. पब्लिक के हाथ से."

"वो मैं नहीं लिखता."

"अरे, वो विलेन है काका!"

"पब्लिक को हर बार यही लगता है."

भैया आधी हसले, मग चिडले. चार लोकांदेखत म्हणाले की लेखकाने नखरे करायचे नसतात, दुसरा कोणीही लिहील. काकांनी पेन्सिल खिशात ठेवली, आपली कपबशी धुतली, पालथी घातली आणि जिना उतरून गेले. तो भाग दुसऱ्याने लिहिला. खूप ऐकला गेला. मीच तपासला होता. टमाट्याचा गाडाही त्यात होता.

काकांना मग काम मिळालं नाही. मी दोनचारदा घरी गेले. बोलणं फारसं व्हायचं नाही. ते वाळत चालले होते. टेबलावर कागद असायचे आणि मी आले की उलटे व्हायचे.

आठ महिन्यांनी त्यांचा फोन आला. "वेळ आहे काय तुले? एक वाचायचं आहे. तपासायचं."

नऊ पानं होती, आणि मराठीत. काकांनी मराठीत काही लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी मोठ्याने वाचायला लागले. ते समोर खाटेवर बसले. या वेळी डोळे उघडे होते.

बाजार तोच होता. एक माणूस भाजीवाल्यांत उभा आहे, हातात पिशवी. शेजारच्या दुकानात एका बाईचं पाकीट सापडत नाही. कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात टाकतो. तो हात झटकतो. बस, एवढंच. मग आरडाओरडा. त्यातला एक तुकडा मला अजून जवळजवळ पाठ आहे.

'कापड लागलं तेव्हा मागचे पाच दुकानं मागे होते. समोर लग्नाची खरेदी करणाऱ्या बाया. फट नाही. तो आडवा झाला, खांदा घातला, एकीच्या हातातलं कापडाचं ठाण उलगडत खाली गेलं. तो त्याच्यावरून गेला. मागचे ओरडत होते, म्हणून मागच्यांना वाट मिळत होती. पाचाचे तीन झाले. हातोड्या समोर वाजत होत्या. तो हातोड्यांकडे गेला. भांडी लागली आणि गर्दी संपली. आता पळता येत होतं. तिनाचे चार झाले. नळ. नळावर एक पोरगी घागर भरत होती, तिने पाय आत घेतला. चाराचे सहा झाले. बोळ दिसला. बोळात रस्ता दिसला. रस्त्यावरून बस गेली, तीही दिसली. सात दुकानं. सहा. पाच. ठेला आडवा झाला.'

पुढे दीड पान होतं, तो गर्दीच्या हाती सापडला तिथपासून मरेपर्यंतचं. ते मी मोठ्याने वाचू शकले नाही, मनातल्या मनात वाचलं. त्यात एकही विशेषण नव्हतं.

मी पानं मांडीवर ठेवली.  मग सवयीने तोंडातून तेच निघालं जे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"काका, 'ठेला आडवा झाला' म्हणजे? कोणी केला?"

त्यांनी माझ्या मांडीवरच्या पानांकडे पाहिलं.

"मागचे तर सहा दुकानं मागे होते. याला बोळापर्यंत पाचच उरली होती. हा सुटला होता, काका. मागच्यांपैकी कोणी पुढे येऊन ठेला लावणं शक्यच नाही. म्हणजे लावणारा दुसऱ्या वाटेने आला. कापड आणि भाजीच्या मधून ती मागची गोदामांची गल्ली जाते ना, ती शेवटच्या भांड्याच्या दुकानापाशी निघते. पण तिकडून आला म्हणजे त्याला बाजार पुरता ठाऊक..."

मी तिथेच थांबले. माझं वाक्य मलाच ऐकू आलं.

"हव," काका म्हणाले. "बरोबर काढलं तू."

बाहेर स्कूटरचं इंजिन कोणी तरी पुन्हा पुन्हा चालू करत होतं. ते थांबलं तेव्हा काकांनी मान वर केली.

"बावीस वर्षं झाली," ते म्हणाले. "मी कापडात होतो. पडद्याचं कापड घेऊन राहिलो होतो. चोर चोर ऐकलं. सारे त्याच्या मागं धावले. मी नाही धावलो. मी विचार केला. नकाशे काढणारा माणूस ना मी. मले डोळ्यासमोर दिसलं, तो कुठं निघेल. मी मागच्या गल्लीतून गेलो, आरामात, एकही माणूस आडवा नाही आला. बोळाच्या तोंडाशी रिकामा ठेला उभा होता. तो मी फिरवला." त्यांनी हात थोडा वळवून दाखवला. "इतकंच. मले आनंद झाला होता, पोरी. आपला अंदाज बरोबर निघाला म्हणून."

"तुम्ही मारलं?"

"हात नाही लावला. बावीस वर्षं हेच एक वाक्य मी स्वतःले सांगून राहिलो." त्यांचा आवाज कोरडा होता. "दुसऱ्या दिवशी पाकीट त्याच दुकानात सापडलं. गठ्ठ्याच्या खाली. पेपरात त्याचं नाव आलं होतं, अभनपूरचा होता. पोलिसांनी चार पोट्टे धरले, सोडले. ठेल्याचं कोणी विचारलंच नाही."

मग त्यांनी माझ्या हातातून पान घेतलं आणि पेन्सिलीने 'ठेला आडवा झाला' खोडलं. वर लिहिलं, 'ठेला मी आडवा केला'. ते अक्षर त्यांच्या नेहमीच्या अक्षरासारखं नव्हतं. 

"एकदा गेलो होतो तिथं," ते म्हणाले. "घर दुरून पाहिलं. त्याची बायको अंगणात होती. परत आलो. आता मले तिथं हे वाचायचं आहे. एकट्यानं जमत नाही. येशील काय?"

मी त्यांना पोलिस ठाण्याचं विचारलं. "तिथंही देतो," म्हणाले. "पण आधी ज्याचं आहे त्याले."

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही बसने अभनपूरला गेलो. वाटभर काका पानांची गुंडाळी दोन्ही हातांत धरून बसले होते. घर गावाच्या टोकाला होतं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. बाई साठीच्या आतबाहेर असतील. आम्हाला बसायला पाट दिले, पाणी दिलं. आम्ही कोण, हे काकांनी सांगितलं. आपण काय केलं, तेही आधीच, उभ्यानेच सांगितलं. मग विचारलं, वाचू का.

बाईंनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. काकांनी वाचायला सुरुवात केली. मराठीतून हिंदी करत, अडखळत. मध्येच बाईंचा मुलगा आला. तिशीतला, कुठल्याशा कारखान्याचा शर्ट घातलेला. तो दारात उभा राहिला आणि शेवटपर्यंत तिथेच उभा होता. काकांनी काही गाळलं नाही. ते दीड पानही नाही.

वाचून संपलं तेव्हा अंगणात एक कोंबडी फिरत होती, बाकी काही नाही. मी बाईंकडे बघू शकत नव्हते. त्यांनी पदर तोंडाला लावला होता, पण त्या रडत नव्हत्या. मग त्यांनी छत्तीसगढ़ीत विचारलं,

"ओकर नाव काबर नइ लिखे हव?"

त्याचं नाव का नाही लिहिलं. नऊ पानांत सगळीकडे नुसता 'तो' होता. मी, तपासणारी, माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"हिंमत नहीं हुई," काका म्हणाले.

"लिखव."

काकांनी पाटावर पान ठेवलं, वाकले आणि पहिल्या ओळीतल्या 'एक माणूस' या शब्दांवर रेघ मारून 'मनहरण' लिहिलं. बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा पहिल्यांदा पुढे आला, वाकून पाहिलं आणि आईला मान डोलावून सांगितलं. मग काकांना म्हणाला, "अब आप जाइए."

माफी कोणी मागितली नाही. कोणी दिली नाही. बाई उठून आत गेल्या.

आम्ही फाट्याकडे चालायला लागलो. ऊन चढलं होतं. काकांची चाल इतकी हळू होती की मला त्यांच्यासाठी थांबावं लागत होतं. अर्ध्या वाटेवर मागून मोटरसायकल आली. काका जागच्या जागी उभे राहिले. वळले नाहीत. खांदे आत घेऊन, मान खाली घालून उभे राहिले. मला समजलं ते कशाची वाट पाहत आहेत आणि त्यापासून ते हलणार नाहीत.

मुलाने गाडी आमच्यासमोर आणून थांबवली. इंजिन बंद केलं. तो बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा चिरकत होता.

"बाबूजी की एक ही चप्पल मिली थी. माँ ने रखी है. दूसरी कहाँ गिरी, आपको मालूम है?"

काकांनी वर पाहिलं. "कपड़े वाली लाइन में," ते म्हणाले. "आखिरी दुकान की सीढ़ी के नीचे. सब चले गए, तब मैं उधर से वापस गया था. मैंने देखी थी."

"आपने उठाई नहीं."

"नहीं."

मुलगा रस्त्याकडे पाहत राहिला. त्याने हाताने चेहरा पुसला, एकदा, जोरात. मग गाडी सुरू केली.

"बैठिए. मुझे सब दिखाइए. कहाँ से कहाँ तक, सब."

काकांनी पानांची गुंडाळी माझ्या हातात दिली, मग काही आठवल्यासारखी परत घेतली आणि शर्टाच्या आत खोचली. पाय उचलून मागे बसायला त्यांना जमेना. मुलाने न बोलता गाडी एका बाजूला कलती केली. काका बसले. धरायचं कशाला, ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी हात आधी स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले. गाडी खड्ड्यात आदळली तसा एक हात पुढे गेला आणि त्या मुलाच्या खांद्यावर टेकला.

मुलाने तो हात झटकला नाही. रायपूरच्या रस्त्याला गाडी लागेपर्यंत मी पाहत होते. त्यानंतर मी नागपूरला आईच्या आजारपणात अडकले आणि तीन आठवड्यांनी काका झोपेतच गेल्याचा फोन आला. त्यामुळे माझ्याकडे ते शेवटचे असे आहेत. धुळीत लहान होत जाणारी त्यांची पाठ, आणि दुसऱ्याच्या खांद्यावर अवघडून ठेवलेला त्यांचा हात.